सलग किती दिवस?

जिल्हा परिषदेच्या एका शाळेतला चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यातल्या एका मुलीची आणि एका मुलाची महिन्याची हजेरी शेजारी शेजारी ठेवू. शाळा सोमवार ते शनिवार भरते, महिन्यात चोवीस दिवस भरली. हजर असेल तर P आणि गैरहजर असेल तर A अशी खूण आहे. आठवडे वेगळे कळावेत म्हणून दर सहा खुणांनंतर थोडी जागा सोडली आहे.

```
मुलगी:  PPPAPP PPPAAP PPPAPA PPPAPP
मुलगा:  PPPPPP PAPPPP PPPPPP PAAAAA
```

महिनाअखेरीला हजेरीपत्रकाची बेरीज झाली की दोघांपुढे सारखेच आकडे लिहिले जातात. सहा दिवस गैरहजर, अठरा दिवस हजर, उपस्थिती ७५ टक्के. केंद्रशाळेला जाणाऱ्या तक्त्यात ही दोन मुलं एकमेकांपासून वेगळी ओळखूच येणार नाहीत.

ओळ वाचली की मात्र चित्र बदलतं. मुलीचा खाडा दर गुरुवारी पडतो. गुरुवार गावच्या बाजाराचा, आईवडील भाजी घेऊन जातात आणि धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी थांबते. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारला जोडून शुक्रवारही गेला. तिचं नुकसान होतंच आहे, पण शाळेशी तिची गाठ सुटलेली नाही, दर दोन-चार दिवसांनी ती वर्गात दिसते. मुलगा उलट एकोणीस दिवसांत एकदाच चुकला आणि मग मंगळवारपासून शनिवारपर्यंत दिसलाच नाही. शाळा सुटण्याची सुरुवात अशा शेपटासारख्या उरलेल्या A मधून होते. हा फरक बेरजेत येत नाही, टक्केवारीतही येत नाही. तो एकाच प्रश्नाच्या उत्तरात येतो: लागोपाठ जास्तीत जास्त किती दिवस गैरहजर? मुलीचं उत्तर २, मुलाचं ५.

या उत्तराला कागदोपत्रीही वजन आहे. महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचा शोध घेताना शाळेत कधीच नाव न घातलेली मुलं तर धरतातच, पण नाव असूनही महिनाभराहून जास्त काळ सतत न आलेलं मूलही शाळाबाह्य मानतात. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी असं सर्वेक्षण झालं होतं, ते अनेकांना आठवत असेल. त्या व्याख्येतला ‘सतत’ हा शब्द नुसत्या बेरजेने तपासता येत नाही. वर्षभरात चाळीस खाडे झालेलं मूल त्यात बसेलच असं नाही आणि बत्तीस खाडे झालेलं बसू शकतं.

एका मुलाची एक ओळ असेल तर डोळ्यांनी मोजून भागतं. वर्गात चाळीस मुलं आणि वर्षात दोनशेच्या वर दिवस असले की आठ हजारांहून जास्त खुणा होतात, आणि तिथे डोळा फसतो. म्हणून मोजायची रीत नीट समजून घेऊ. ती अगदी साधी आहे आणि संगणक नसला तरी चालते.

बोट पहिल्या खुणेवर ठेवा आणि मनात शून्य धरा. A आला की एक वाढवा, P आला की पुन्हा शून्य करा. प्रत्येक खुणेखाली त्या क्षणी मनात असलेला आकडा लिहीत जा. मुलाच्या ओळीचं असं होईल:

```
खूण:   PPPPPP PAPPPP PPPPPP PAAAAA
मोजणी: 000000 010000 000000 012345
```

खालच्या ओळीतला सर्वांत मोठा आकडा म्हणजे उत्तर. दुसऱ्या आठवड्यातल्या एकट्या खाड्याने मोजणी एकवर नेली आणि पुढच्याच P ने ती पुसली. शेवटच्या आठवड्यात पुसायला कोणी आलंच नाही, म्हणून ती पाचापर्यंत चढली. शून्यावर परत येणं हाच या रीतीचा प्राण आहे. बेरीज काही विसरत नाही. इथे हजेरीची एक खूण आली की मागचं सगळं विसरायचं असतं.

हेच एक्सेलमध्ये करायचं तर मूळ हजेरीच्या पानाला हात न लावता मोजणीसाठी दुसरं पान घेतलेलं बरं. दोन्ही पानांवर B या स्तंभात मुलांची नावं आहेत आणि C पासून Z पर्यंत चोवीस दिवस आहेत असं धरू. मोजणीच्या पानावर C2 या चौकटीत हे सूत्र लिहायचं आणि उजवीकडे व खाली ओढून सगळीकडे भरायचं:

```
=IF('हजेरी'!C2="A",N(B2)+1,0)
```

आज A असेल तर डावीकडच्या चौकटीतल्या आकड्यात एक मिळव, नसेल तर शून्य लिही, एवढंच ते सांगतं. ओळीच्या शेवटी `=MAX(C2:Z2)` लिहिलं की त्या मुलाची सर्वांत लांब सलग गैरहजेरी मिळते.

सूत्रातल्या `N( )` कडे जरा थांबून पाहायला हवं, कारण बहुतेक जण तो लिहीत नाहीत आणि चूक नेमकी तिथे दडते. पहिल्या दिवसाच्या डावीकडे आकडा नसतो, मुलाचं नाव असतं. नावात एक मिळवायला गेलं की एक्सेल `#VALUE!` दाखवतं. पण हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत होत नाही. जी मुलं पहिल्या दिवशी हजर होती त्यांच्यासाठी बेरजेची वेळच येत नाही, सरळ शून्य लिहिलं जातं. पहिल्याच दिवशी गैरहजर असलेल्यांची ओळ तेवढी बिघडते. चाचणीसाठी दोन-तीन हजर मुलं घेतली तर सगळं ठीक वाटतं आणि पत्रक पुढे जातं. बिघडतात त्या ओळी कोणाच्या, तर सुट्टीनंतर शाळा उघडली तरी न आलेल्यांच्या, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे त्यांच्याच. `N( )` आकड्याला आकडाच ठेवतो आणि अक्षरांचं शून्य करतो, त्यामुळे ही अडचण राहत नाही.

दुसरं पान न घेता एकाच चौकटीत उत्तर काढणारं एक जुनं सूत्रही शाळा-कचेऱ्यांतून हातोहात फिरतं. ते दिसायला अवघड आहे, पण आतली कल्पना फार सुंदर आहे. बारा दिवसांची एक छोटी ओळ घेऊन ती उलगडू:

```
दिवस: 1 2 3 4 5 6 7 8 9 10 11 12
खूण:  P A A P A A A A P P  A  P
```

हजेरीचे दिवस आहेत १, ४, ९, १० आणि १२. गैरहजेरीचे दिवस आहेत २, ३, ५, ६, ७, ८ आणि ११. आता हजेरीच्या दिवसांना कुंपणाचे खांब समजा आणि प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये गैरहजेरीचे किती आकडे पडतात ते मोजा. पहिल्या खांबाच्या अलीकडे कोणी नाही. १ आणि ४ च्या मध्ये २ व ३ आहेत, म्हणजे दोन. ४ आणि ९ च्या मध्ये ५, ६, ७, ८, म्हणजे चार. ९ आणि १० च्या मध्ये जागाच नाही. १० आणि १२ च्या मध्ये एक. शेवटच्या खांबाच्या पलीकडे कोणी नाही. मोजणी आली ०, २, ४, ०, १, ०. त्यातला मोठा आकडा ४. दोन हजेऱ्यांच्या मध्ये जेवढे A सापडतात ते सगळे एकमेकांना लागूनच असणार, म्हणून ही मोजणी आपोआप सलग गैरहजेरीची होते.

एक्सेलमधलं `FREQUENCY` हे काम करतं. त्याला एकीकडे आकडे आणि दुसरीकडे खांब द्यायचे, ते प्रत्येक कप्प्यातले आकडे मोजून देतं:

```
=MAX(FREQUENCY(
  IF(C2:Z2="A",COLUMN(C2:Z2)),
  IF(C2:Z2="P",COLUMN(C2:Z2))))
```

`COLUMN` प्रत्येक दिवसाला त्याच्या स्तंभाचा क्रमांक देतो. C ला ३, D ला ४, असं. क्रमांक एकपासून सुरू होत नाहीत, पण त्याने काही बिघडत नाही, कारण आपल्याला त्यांचा क्रम तेवढा हवा आहे. जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र लिहून नुसतं एन्टर दाबून चालत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एन्टर एकदम दाबावे लागतात, तेव्हा सूत्राभोवती महिरपी कंस दिसतो. तो दिसला नाही तर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. गूगल शीट्समध्ये हे पूर्ण सूत्र `ARRAYFORMULA( )` च्या कंसात घालावं लागतं.

`FREQUENCY` ची एक खोड इथे उपयोगी पडते. खांब पाच दिले तर उत्तरं सहा येतात. सहावं उत्तर असतं शेवटच्या खांबाच्या पलीकडचं. आपल्या मुलाचे शेवटचे पाच A कोणत्याही दोन P च्या मध्ये नाहीत, त्यांच्या पुढे P आलेलाच नाही. हा जादा कप्पा नसता तर तेच निसटले असते. स्वतः आज्ञावली लिहिणारे नवशिके इथे हमखास चुकतात. ते मोजलेला आकडा P दिसल्यावर नोंदवतात, आणि ओळ A वर संपली की शेवटची मोजणी नोंदवायची राहूनच जाते. अशी चूक शोधायला एकच ओळ पुरे: सगळे दिवस A भरा. उत्तर चोवीस यायला हवं. शून्य आलं तर कुठे बिघडलं ते कळलं.

आतापर्यंत ओळीत दोनच खुणा होत्या. खऱ्या हजेरीपत्रकात तिसरी असतेच, सुट्टीची. तिथे तो लाल शाईतला ‘रविवार’ पानाच्या वरपासून खालपर्यंत उभा लिहिलेला असतो, संगणकावर ती चौकट रिकामी राहते किंवा तिथे H लिहितात. सगळा घोळ या तिसऱ्या खुणेने होतो. ही ओळ पाहा:

```
P A A H A A P
```

शुक्रवारी आणि शनिवारी खाडा, मग रविवार, मग सोमवारी आणि मंगळवारी खाडा. सलग गैरहजेरी किती? रविवारने साखळी तुटली असं म्हटलं तर दोन. रविवार वगळून शाळेचे दिवस मोजले तर चार. कॅलेंडरवरचे दिवस मोजले तर पाच. तिन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. त्यातलं कोणतं हवं ते सूत्र सांगू शकत नाही, ते आधी माणसाने ठरवायचं असतं. अनेक खासगी कंपन्या रजेच्या दोन दिवसांमध्ये सापडलेला रविवारही रजेतच धरतात, त्याला नोकरदार मंडळी सँडविच रजा म्हणतात. तो हिशेब पाचाचा आहे. मुलाचं शिकणं किती बुडालं हे पाहायचं असेल तर चार हा आकडा योग्य. दोन हे उत्तर मात्र शाळेत कुठल्याच कामाचं नाही, कारण शाळा बंद होती म्हणून मूल शाळेत परतलं असं कोणी म्हणणार नाही.

तरीही चुकून मिळतं ते बहुधा हेच दोन. आपलं पहिलं सूत्र पुन्हा वाचा: A नसेल तर शून्य लिही. म्हणजे H आला तरी शून्य आणि चौकट रिकामी असली तरी शून्य. दर रविवारी मोजणी पुसली जाते. सहा दिवसांच्या आठवड्यात मग कोणाही मुलाचं उत्तर सहाच्या वर जाऊच शकत नाही, तो महिनाभर आला नाही तरी. वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या आकड्यांवर नजर टाकली आणि ते सहालाच अडलेले दिसले की चूक हीच आहे हे ओळखावं.

दुरुस्ती एवढीच की शून्य करायचं ते P दिसल्यावरच. A असेल तर वाढव, P असेल तर पुस, दुसरं काहीही असेल तर आकडा आहे तसा पुढे ने. नव्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये हे एका ओळीत लिहिता येतं:

```
=MAX(SCAN(0,C2:Z2,
  LAMBDA(n,v,IF(v="A",n+1,IF(v="P",0,n)))))
```

इथे n म्हणजे मनात धरलेला आकडा आणि v म्हणजे बोटाखालची खूण. मघाच्या `FREQUENCY` च्या सूत्रातही खांब रोवले आहेत ते P वरच, त्यामुळे तेही सुट्ट्या ओलांडून बरोबर मोजतं. बाजारात फिरणाऱ्या सूत्रांत त्या जागी बहुधा ‘A नसलेलं काहीही’ असं लिहिलेलं असतं. म्हणून दुसऱ्याकडून सूत्र घेताना ती एक जागा आधी तपासावी.

सुट्टीसारखाच साखळी तोडणारा दुसरा विळा म्हणजे महिन्याचं पान. आपला मुलगा महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पाच दिवस आला नव्हता. समजा त्या शनिवारनंतर दिवाळीची सुट्टी लागली, रविवारपासून पंधरा दिवसांची. सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडली तेव्हाही तो नव्हता. तो आठवडा गेला आणि पुढचा सोमवारही गेला, म्हणजे आणखी सात दिवस. मंगळवारी आला. आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेले होते, मुकादमाची उचल घेतलेली असल्यामुळे थांबणं शक्य नव्हतं, आणि आजीकडे राहायची सोय होईपर्यंत मुलगा त्यांच्याबरोबर फडावर होता. मराठवाड्यातल्या आणि अहिल्यानगरच्या पूर्व भागातल्या शिक्षकांना ही दिवाळीच्या अलीकडची-पलीकडची गैरहजेरी चांगली परिचयाची आहे. तिथे हंगामी वसतिगृहं चालवतात ती यासाठीच.

आता एकाच मुलाच्या या एकाच गैरहजेरीचे आकडे पाहा. पहिल्या महिन्याचं पान सांगतं पाच. दुसऱ्या महिन्याचं सांगतं सात. दोन्ही पानं जोडून शाळेचे दिवस मोजले तर बारा. आणि पहिल्या मंगळवारपासून शेवटच्या सोमवारपर्यंत कॅलेंडरवरचे दिवस मोजले तर अठ्ठावीस: सुट्टीआधीचे पाच, सुट्टीचे पंधरा, मग सहा, एक रविवार आणि एक सोमवार. आणखी तीन दिवस तो आला नसता तर एकतीस झाले असते, आणि मग महिनाभर सतत गैरहजर असण्याच्या व्याख्येत त्याला बसवायचं की नाही हा वाद उभा राहिला असता. माझं मत असं की सुट्टीचे पंधरा दिवस त्याच्या नावावर टाकणं अन्यायाचं आहे. पण त्याहून मोठा अन्याय पाच आणि सात असे दोन निरुपद्रवी आकडे लिहून मोकळं होण्यात आहे. शाळेचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस, दोन्ही आकडे वेगवेगळ्या स्तंभांत ठेवावेत आणि वर काय मोजलं ते स्पष्ट लिहावं. त्यासाठी वर्षभराची हजेरी एकाच लांब ओळीत हवी. बारा पानांवर बारा महिने ठेवले की प्रत्येक महिनाअखेर एक खोटा P होऊन बसते.

खोटा P म्हटल्यावर या मोजमापाचा सर्वांत मोठा दुबळेपणा सांगायलाच हवा. बारा दिवसांच्या त्या साखळीत मधोमध, सातव्या दिवशी, कोणाच्या हातून चुकून P पडला असं समजा. गैरहजेरीची बेरीज एकाने बदलेल. टक्केवारी जराशी हलेल. पण सलग गैरहजेरी बारावरून थेट सहावर येईल, पलीकडे पाच उरतील. एका चुकीच्या खुणेने आकडा निम्मा झाला. गर्दीच्या वर्गात हाक मारताना शेजारच्याने ‘हजर’ म्हटलं किंवा दोन दिवसांची हजेरी एकदम भरली की असा P पडायला वेळ लागत नाही. म्हणून लांब साखळीच्या मधोमध एकटाच P दिसला तर त्या दिवशी मूल खरंच आलं होतं का, हे वर्गशिक्षकाला विचारून घ्यावं. आलं असेल तर तीही महत्त्वाची बातमी आहे. मूल एक दिवस येऊन पुन्हा का गेलं?

दुसऱ्या जातीची चूक दिसतसुद्धा नाही. A लिहून नकळत स्पेसबार दाबला गेला की चौकटीत A आणि एक रिकामी जागा असं राहतं. डोळ्याला तो A च दिसतो, संगणकाला नाही. आपलं सुधारलेलं सूत्र त्याला ‘दुसरं काहीही’ समजून पुढे जातं, साखळी तुटत नाही पण एक दिवस कमी मोजला जातो, आणि कुठे काही चुकल्याची खूण उमटत नाही. हजेरी घ्यायचीच राहून गेली आणि चौकट रिकामी राहिली तर तीही याच सूत्राला सुट्टी वाटते. न भरलेला दिवस आणि सुट्टीचा दिवस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून सुट्टीला रिकामी चौकट न ठेवता H लिहिण्याची शिस्त पाळावी. मग तपासणी एका सूत्रात होते:

```
=COUNTIF(C2:Z2,"A")+COUNTIF(C2:Z2,"P")+COUNTIF(C2:Z2,"H")
```

ओळीत जेवढ्या चौकटी तेवढं उत्तर आलं पाहिजे. आपल्या ओळीत चोवीस. एक जरी कमी आला तरी त्या ओळीत कुठेतरी कलंकित A आहे किंवा दिवस भरायचा राहिला आहे. ही तपासणी केल्याशिवाय सलग गैरहजेरीचा आकडा कोणाला दाखवू नये.

आकडा बरोबर आला तरी पुढचा प्रश्न राहतोच. तीन दिवस सलग म्हणजे काळजी करावी का? पाच? आठ? इथे संभाव्यतेचं गणित थोडी मदत करतं. सलग येणाऱ्या घटनांचा हा प्रश्न अठराव्या शतकात अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने सोडवला होता. आपण हजेरीवरून पाहू. एक मूल दर पाच दिवसांत सरासरी एक दिवस चुकतं, आणि कोणता दिवस चुकेल हे निव्वळ योगायोगाने ठरतं असं धरा. वर्षात शाळा दोनशे दिवस भरली. अशा मुलाच्या बाबतीत तीन किंवा जास्त दिवसांची सलग गैरहजेरी वर्षात सरासरी एकदा तरी येतेच, थोडी जास्तच. त्यात विशेष काही नाही. चार दिवसांची साधारण चार मुलांतल्या एकाला येईल. पाच दिवसांची वीस मुलांतल्या एकाला, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघांना. दर पायरीला शक्यता पाचपट घटत जाते. आठ दिवसांवर पोचेपर्यंत ती सुमारे अडीच हजार मुलांत एक इतकी कमी होते.

खरी मुलं योगायोगाने गैरहजर राहत नाहीत हे उघड आहे. ताप आला की तीन-चार दिवस जातातच, आणि मामाच्या लग्नाला गेलेलं मूल आठवडाभर येत नाही. त्यामुळे हे आकडे मुलाचं वर्णन म्हणून वाचू नयेत, मोजपट्टी म्हणून वाचावेत. चार दिवसांपर्यंतची साखळी आपोआप किंवा तापाने पडू शकते. आठ-दहा दिवसांची साखळी दिसली की तिच्यामागे काहीतरी घडलं आहे असं समजूनच चालावं. मधल्या पाच-सहा-सात दिवसांत काय ते शिक्षकाच्या ओळखीवर सोडावं लागतं. नेहमी रोज येणाऱ्या मुलाचे पाच सलग खाडे आणि अधूनमधून चुकणाऱ्या मुलाचे पाच सलग खाडे यांचं वजन सारखं नाही. आपल्या मुलाची त्या साखळीआधीची हजेरी एकोणीसपैकी अठरा दिवसांची होती. अशा मुलाचा तिसरा सलग दिवसही बोलका आहे.

आणि म्हणूनच सर्वांत लांब साखळीच्या जोडीला आणखी एक आकडा ठेवावा लागतो. `MAX` ने मिळतो तो इतिहास आहे. एखाद्या मुलीला जुलैत कावीळ झाली आणि ती दहा दिवस आली नाही, तर मार्चपर्यंत तिच्यापुढे दहा हाच आकडा राहील, जरी ती ऑगस्टपासून एक दिवसही चुकली नसली. तिच्या शेजारी चार आकडा असलेला मुलगा यादीत खाली जाईल, आणि त्याची चौथ्या दिवसाची साखळी आज चालू आहे हे कोणाला दिसणार नाही. वर्षाचा अहवाल लिहायला पहिला आकडा हवा. सकाळी हजेरी झाल्यावर कोणाच्या घरी जायचं हे ठरवायला दुसरा, म्हणजे आज चालू असलेली साखळी. तो काढायला नवं गणित लागत नाही. मघाच्या सूत्रातला `MAX` काढून `SCAN` ने दिलेल्या आकड्यांपैकी आजच्या तारखेखालचा घ्यायचा. मोजणीचं वेगळं पान वापरत असाल तर तेच सुधारलेलं सूत्र तिथे असं बसतं:

```
=IF('हजेरी'!C2="A",N(B2)+1,IF('हजेरी'!C2="P",0,N(B2)))
```

आजच्या तारखेच्या स्तंभात वरून खाली पाहत यायचं. तिथे बहुतेक ठिकाणी शून्य असतं, काही ठिकाणी एक किंवा दोन. तिथे तीन दिसला तर घरी फोन करावा, आणि पाच दिसला तर दुपारच्या सुट्टीत कोणालातरी बरोबर घेऊन त्या घराचं दार वाजवून यावं. गुरुवारी त्या मुलीपुढे एक दिसेल, शुक्रवारी पुन्हा शून्य. तिच्यासाठी बाजाराच्या दिवशी धाकट्या भावाला अंगणवाडीत बसवता येईल का, हे तिच्या आईशी वेगळं बोलावं लागेल, कारण तिचा प्रश्न साखळीच्या लांबीत कधीच दिसणार नाही.